विषय: डिस्क लावली, झुरळं आहेत तिथंच

मृणाल लिहिते:

मंडळींनो, नमस्कार.

गणेशोत्सवाच्या हिशोबाची मेल उद्या पाठवते, आज वेगळंच गाऱ्हाणं आहे. स्वयंपाकघरात ती छोटी, तपकिरी झुरळं झाली आहेत, पाठीवर दोन काळे पट्टे असलेली. घरात रांगणारं बाळ, त्यामुळे स्प्रे नको होता. म्हणून हायड्रोप्रीन नावाच्या झुरळांवरच्या औषधाच्या दोन डिस्क आणल्या, एक सिंकखाली आणि एक फ्रिजमागे. तीन आठवडे वाट पाहिली. एकही झुरळ मेलेलं दिसलं नाही, तेव्हा चिडून काढून टाकल्या.

मी हिशोबनीस आहे, त्यामुळे आकडे ठेवलेत. फ्रिजमागच्या चिकट सापळ्यात एका रात्रीत: डिस्क लावण्याआधी बारकी पिल्लं 17, मोठी पिल्लं 4, पंखवाली 3. काल, म्हणजे पाच आठवड्यांनी: बारकी 21, मोठी 6, पंखवाली 5. म्हणजे वाढलीच की! शिवाय त्या पाचातलं एक काहीतरी भलतंच आहे. रंगानं काळपट, पंख चुरगळल्यासारखे, दोन्ही बाजूंना फाकलेले. ही नवी जात घरात शिरली की काय?

मृणाल

---

सतीश:

मृणाल, हे औषध मारत नाही, माद्यांना वांझ करतं. आहेत त्या माद्या अंडी घालायच्या थांबतात आणि वंश संपतो. तीन आठवडे फार कमी झाले. दोनऐवजी सहा डिस्क लाव, दुप्पट वेगानं काम होईल.

- सतीश

---

शुभदाताई:

अगं, माझ्याकडेही हाच त्रास! बाथरूममध्ये रात्री अंगठ्याएवढी लालसर झुरळं निघतात, आणि एक तर चक्क उडालं. मीही ही डिस्क आणू का? कमोडमागे ठेवायची की गिझरवर?

शुभदा

---

अरविंदकाका:

चि. मृणाल,

ते चुरगळलेल्या पंखांचं झुरळ टाकून दिलं नसशील अशी आशा आहे. ती नवी जात नव्हे. तुझी डिस्क काम करत होती, याचा तुझ्या घरातला तो एकमेव पुरावा आहे, आणि तो सापळ्यात दिसेपर्यंत तू डिस्क काढून मोकळी झालीस.

जरा सविस्तर लिहितो. झुरळाचं पिल्लू कात टाकत टाकत वाढतं. या तपकिरी जातीत साधारण सहा वेळा, आणि घरातल्या उबेत या सगळ्याला दोनेक महिने लागतात. प्रत्येक कातीच्या वेळी त्याच्या अंगात एक हार्मोन असतं, ज्याचा निरोप एवढाच: «अजून लहानच राहा.» शेवटच्या टप्प्यात हे हार्मोन ओसरतं, निरोप येत नाही, आणि त्या कातीतून पंखवालं, पिलावळ वाढवणारं झुरळ बाहेर पडतं. हायड्रोप्रीन म्हणजे त्या हार्मोनची नक्कल. नेमका निरोप थांबायला हवा तेव्हा बाहेरून तो चालूच राहतो. मग कात पडते, पण आतलं काम अर्धवट राहतं. ना धड पिल्लू, ना धड मोठं. पंख वेडेवाकडे, अंग काळपट, आणि बहुतेकांची प्रजा होत नाही.

आता बघ, खरी गोम इथे आहे. बारक्या पिल्लाच्या अंगात ते हार्मोन आधीच भरपूर असतं. त्याला वरून आणखी दिलं तरी त्याला काय त्याचं? ते खात-पीत, मजेत वाढत राहतं. औषधाचा डाव साधतो तो शेवटच्या टप्प्याच्या सुरुवातीच्या काही दिवसांत. तेवढ्या दिवसांत औषध आसपास हवं, नाहीतर संधी गेली.

तुझ्या आकड्यांवर हे मांडून बघ. डिस्क लावलीस त्या दिवशी सापळ्यातल्या चारांसारखी जी मोठी पिल्लं घरात मोकळी होती, त्यांतलं एखादं त्या टप्प्याच्या ऐन सुरुवातीला असणार. तेच तुझं काळपट झुरळ. त्या सतरांसारखी मोकळी बारकी मात्र शेवटच्या टप्प्यावर पोचतील तेव्हा डिस्क कचऱ्यात जाऊन दोन-चार आठवडे झालेले असतील. औषध अंगात कायमचं राहत नाही. ती व्यवस्थित, धडधाकट मोठी होतील.

सतीशराव, आपलं अर्धं बरोबर आहे. मारत नाही, हे खरं. पण आधीच पंख फुटलेल्या मादीला हे औषध वांझ करत नाही. उलट, अंडी पिकायला मोठ्या मादीला हेच हार्मोन लागतं, तेव्हा नकलेनं तिचं काय बिघडायचं? ती पोटाच्या टोकाला अंड्यांची पिशवी धरून फिरते, एकेका पिशवीतून 30-40 पिल्लं सोडते, आणि आयुष्यात अशा चार ते आठ पिशव्या करते. नराशी एकदा गाठ पडली की पुढच्या पिशव्यांना ती पुरते. आणि सहा डिस्कांनी कात लवकर पडत नाही. जो वेळ लागतो तो पिल्लाला वाढायला लागतो, औषधाला नाही.

शुभदाताई, तुमची झुरळं वेगळी. ती मोठी लालसर जात गटारातून, फ्लोअर ट्रॅपमधून, म्हणजे फरशीच्या जाळीखाली पाणी साठून राहतं त्या वळणातून वर येते आणि मोठी व्हायला तिला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक लागतं. पिल्लं तुमच्याकडे नाहीत, खाली आहेत. डिस्क बाथरूममध्ये ठेवून उपयोग नाही. ट्रॅपमधलं पाणी सुकलं आहे का ते आधी बघा. वापरात नसलेल्या न्हाणीघरात ते सुकतं आणि त्यांना वाट मोकळी होते.

अरविंद

---

निनाद:

काका, एक शंका. माझ्याकडे कोळंबीचं छोटं अ‍ॅक्वेरियम आहे, स्वयंपाकघराला लागूनच. हार्मोन म्हटल्यावर जरा धसकाच बसला. आणि मृणालच्या बाळाला?

---

अरविंदकाका:

निनाद, दोन्ही प्रश्न रास्त आहेत, उत्तरं मात्र वेगवेगळी. माणसाच्या अंगात हे हार्मोन मुळात नाहीच, त्यामुळे त्याचा निरोप ऐकणारंही कुणी नाही. याच कुळातलं पायरीप्रॉक्सिफेन डासांच्या अळ्यांसाठी पाण्याच्या साठ्यातही वापरतात. म्हणून डिस्क बाळाच्या हाताला लागू द्यायची असं नाही, ती सिंकखाली आत चिकटवायची. कोळंबी मात्र कात टाकणाऱ्यांच्या गोतावळ्यातली. तिला हे बाधतं. हायड्रोप्रीन हवेतून पसरतं, त्याची ख्यातीच ती. अ‍ॅक्वेरियम असलेल्या खोलीत डिस्क नको.

थोडं विषयांतर. ही नक्कल सापडण्याआधीची गोष्ट आमच्या पिढीला फार आवडायची. साठच्या दशकात कीटकशास्त्रज्ञ कारेल स्लामा प्रागहून हार्वर्डला कॅरल विल्यम्सकडे गेला, जाताना आपले लाल-काळे किडे घेऊन. प्रागमध्ये ते सुखानं मोठे व्हायचे. अमेरिकेत होईनात. पाचव्या टप्प्यानंतर पंख फुटायचे सोडून आणखी मोठी पिल्लं व्हायची आणि तशीच मरायची. खाणं, पाणी, सगळं तपासलं. दोष निघाला डबीत अंथरलेल्या कागदी टॉवेलचा! न्यूयॉर्क टाइम्सच्या कागदावर तेच, लंडनच्या टाइम्सच्या कागदावर मात्र किडे ठीक. अमेरिकी कागद ज्या बाल्सम फर झाडाच्या लाकडापासून व्हायचा, त्यातच त्या हार्मोनसारखा पदार्थ होता. झाडानं आपली युक्ती आधीच करून ठेवली होती.

---

सतीश:

काका, मान्य. पण मग नुसत्या डिस्कचा उपयोग काय? मोठ्या माद्या मरेपर्यंत घर भरून जाईल. तेव्हा सरळ स्प्रे मारून संपवावं.

---

अरविंदकाका:

नुसत्या डिस्कवर बसू नये, हे बरोबर. मोठ्यांसाठी जेलचं आमिष हवं. मसुराच्या दाण्याएवढे ठिपके, बिजागऱ्या, सिंकखालचे कोपरे, फ्रिजच्या मोटरजवळची फट. ते खाऊन मोठी मरतात, बरीच पिल्लंही. जी खात नाहीत किंवा वाचतात, त्यांची पुढची पिढी डिस्क अडवते. डिस्क एकीला सुमारे 75 चौरस फूट, आणि साधारण तीन महिने. तीन महिन्यांनी बदलायची, न विसरता. स्प्रे मात्र जेलच्या आसपास मारू नका. त्या वासानं झुरळं ठिपक्याजवळ फिरकत नाहीत आणि फटीत आणखी आत सरकतात.

आणि मृणाल, डिस्क लावताना दाबून आतली कुपी फोडलीस ना? फुटली की पॅड ओलसर होतो. न फोडता चिकटवलेल्या डिस्का मी पाहिल्या आहेत.

---

मृणाल:

काका, एक फोडली होती. दुसरी तशीच! चिडून काढली तेव्हाही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

---

*(अकरा आठवड्यांनंतर)*

मृणाल:

सर्वांना नमस्कार. आकडे देते. नव्या दोन डिस्क (दोन्ही फोडून!) आणि पंधरा ठिकाणी जेल. फ्रिजमागच्या सापळ्यात काल रात्री: बारकी 3, मोठी पिल्लं 2, पंखवाली 4. चारातल्या तिघांचे पंख चुरगळलेले, एकाचे तर कुरडईसारखे. तीन आठवड्यांनी फक्त मेलेली मोजून मी पुन्हा निराश झाले होते, पण आता कुणाचे पंख कसे आहेत तेच आधी बघते.

गडबड एवढीच की फ्रिजमागचं हे चौथं झुरळ, सिंकखाली पाइप भिंतीत जातो तिथल्या दुसऱ्या सापळ्यात सापडलेल्या एकीची बहीण शोभेल असं आहे. सरळ चकचकीत पंख. दुसऱ्या सापळ्यातलीच्या मागे तर पिशवीसुद्धा. घरातली दहा-अकरा आठवड्यांची मेहनत पाहता ही इथली वाटत नाही.

---

अरविंदकाका:

शाब्बास. आणि हो, ती बहुधा शेजारची. औषध तिथं नाही, म्हणून तिकडे पंख सरळ आहेत. पिशवी फुटायच्या आदल्या दिवसापर्यंत ती धरून असते, त्यामुळे एक अशी पाहुणी आली की तीस-चाळीस पिल्लं सोबत आणते. पाइपभोवतीची फट सीलंटनं बुजव, आणि पाइपजवळचा सापळा हलवू नकोस. पुढची पंधरा दिवसांची आकडेवारी वेगळी ठेव: पाइपजवळची आणि फ्रिजमागची.

एक सांगून ठेवतो. पंख थोडेसेच वळलेलं प्रत्येक झुरळ वांझच असेल असं नाही. कमी औषध मिळालेल्यांतली काही पिशवी करतात. चुरगळलेली मोजताना «थोडी» आणि «पूर्ण» असे दोन रकाने कर.

---

सतीश:

शेजाऱ्यांकडेही डिस्क लावायला हवी मग. संपूर्ण इमारतीला एकदम. नाहीतर हे कायमचं चालणार.

---

मृणाल:

शेजारचे काका म्हणतात त्यांच्याकडे झुरळं नाहीत. मी त्यांना एक सापळा देऊन बघणार आहे, फक्त एका रात्रीसाठी.

---

शुभदाताई:

अरविंदभावजी, बाथरूमच्या ट्रॅपमध्ये पाणी ओतलं. दोन रात्री काही आलं नाही. आज एक आलं, पण ते खिडकीतून.