मदत हवी आहे: विज्ञान जत्रेत गटांची गाडी अडते

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आमच्या शाळेत चौथी-पाचवीच्या 72 मुलांसाठी विज्ञान जत्रा आहे. सहा टेबलं, प्रत्येकी 12 मुलांचा गट आणि टेबल सांभाळायला नववीची मुलं. 15 मिनिटं प्रयोग, 3 मिनिटं जागाबदल, म्हणजे पावणेदोन तास.

मागच्या वर्षी घोळ झाला तो वेळेचा. व्हिनेगर-खाण्याच्या सोड्याने फुगा फुगवणं सहा मिनिटांत संपायचं, मग मुलं सोडा उधळायची. शेजारी स्केचपेनच्या काळ्या ठिपक्यातून निळा-गुलाबी रंग फिल्टर पेपरवर चढायलाच दहा मिनिटं लागायची. शिट्टी वाजली की ओले कागद तिथेच टाकून मुलं रडवेली होऊन पुढे जायची. यंदा तिथे आल्या आल्या कागद पाण्यात सोडायचा आणि रंग चढेपर्यंत गप्पा मारायच्या, असं ठरवलंय. वाळायला नावं लिहून दोरीवर चिमट्याने टांगू.

पण फुग्याच्या टेबलावर उरलेल्या नऊ मिनिटांचं काय करू? सोडा अर्धा चमचा, एक चमचा, दोन चमचे घेऊन फुगा किती मोठा होतो ते मोजायला लावलं तर जमेल का?

आणखी एक, तेच सहा वेळा सांगून नववीच्या मुलांचे घसे बसतात. टेबलावरच्या त्यांच्या जोड्या मध्येच बदलता का तुम्ही? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.