मदत हवी आहे: जर्मनीतल्या लेकीला काय पाठवू, काय लिहू?

आम्ही खानापूरचे. लेक ऑक्टोबरअखेर जर्मनीला शिकायला गेली. फोनवर रोज "बरं आहे मम्मी". पहिल्या महिन्याच्या पत्रात मात्र खरं आलं: साडेचारलाच अंधार, हीटरच्या कोरड्या हवेनं ओठ फुटलेत, इथून नेलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापतानाच तुटते. पीठ जुनं झालं की चिकटपणा जातो. उकळत्या पाण्यात उकड काढून मळ, असं कळवलंय. कुंदा मागितलाय, पण तो खव्याचा, आणि दुधाचे पदार्थ तिथं पार्सलनं चालत नाहीत. शेंगाचटणी आणि कडक भाकरी कुणी पाठवलीय का? चुरा न होता पोचते?

शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय, "रविवारी दुकानंही बंद, दिवसभर कुणाशी बोलणंच होत नाही." याला उत्तर काय लिहू?