इडिओपॅथिक शॉर्ट स्टॅचर: इंजेक्शनआधी काय काय वगळलं?

प्रश्न (जळगावहून, भाच्यासाठी): मुलगा साडेअकरा वर्षांचा. उंची १२६ सेंमी, वजन २४ किलो. वडील १६३ सेंमी, आई १४९. हाडांचं वय ९ आलं. थायरॉईड नॉर्मल. क्लोनिडीन चाचणीत ग्रोथ हार्मोनची सर्वांत वरची पातळी ८. डॉक्टरांनी कागदावर 'इडिओपॅथिक', म्हणजे कारण न सापडलेली कमी उंची, असं लिहून ग्रोथ हार्मोनचं रोजचं इंजेक्शन सुचवलंय. सुरू करावं का?

तापीकाठ: ८ म्हणजे १० च्या खाली. मग हा सरळ हार्मोनच्या कमतरतेचा मुलगा झाला, इडिओपॅथिक लिहिलं कसं? माझ्या मते वाट बघू नका. हाडांच्या टोकाची वाढ थांबली की कितीही पैसे ओता, उपयोग नाही.

सातपुडा: भाऊ, हाडं बंद झाल्यावर उपयोग नाही हे खरं. पण ८ या आकड्यावर एवढा भरवसा ठेवता येत नाही. मुलगा अकराच्या पुढे आहे. वयात यायची लक्षणं नसतील आणि चाचणीआधी काही दिवस सेक्स हार्मोनचा छोटा डोस दिला नसेल, तर निरोगी मुलाचाही आकडा खाली येतो. प्रयोगशाळेची पद्धत बदलली तरी आकडा हलतो. एका चाचणीवर कमतरतेचा शिक्का मारू नये.

'इडिओपॅथिक' हा शब्दही घाईचा आहे. बाकी सगळं शोधून काही सापडलं नाही, तेव्हाच तो लिहायचा. इथे फक्त थायरॉईड दिसतंय. हिमोग्रॅम, ईएसआर, क्रिएटिनिन, कॅल्शियम, रक्तातलं बायकार्बोनेट, लघवी, ग्रोथ हार्मोनच्या परिणामाने शरीरात तयार होणारं आयजीएफ-१ आणि गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडवणाऱ्या सीलिअ‍ॅक आजाराची टीटीजी-आयजीए चाचणी कुठे आहे? टीटीजीसोबत एकूण आयजीए करायलाच हवं. ते मुळात कमी असेल तर आजार असूनही टीटीजी निगेटिव्ह येते. आपल्याकडे भाकरी खातात म्हणून सीलिअ‍ॅक नसणार, असं काही जण म्हणतात. पण बट्टी आणि पोळी गव्हाचीच असते. कुटुंब नंदुरबार किंवा सातपुड्याच्या पट्ट्यातलं असेल तर सिकल सेलही तपासा.

चोपड्याची आई: माझी मुलगी ९ वर्षांची, ११४ सेंमी. आमचेही सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग तिलाही हेच का?

सातपुडा: ताई, मुलीचा प्रश्न वेगळा आहे. कारण न सापडलेल्या ठेंगण्या मुलीचा कॅरियोटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, झालाच पाहिजे. एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं तो टर्नर सिंड्रोम बाहेरून ओळखू येईलच असं नाही. तो निघाला तर हृदय आणि किडनीही तपासावी लागते. कॅरियोटाइपशिवाय तिच्या कागदावर 'इडिओपॅथिक' लिहू देऊ नका.

यावलकर: मामा, भाच्याची गेल्या वर्षभराची वाढ किती? तोच आकडा दिलेला नाही. (१६३ + १४९ + १३) ÷ २ = १६२.५, म्हणजे घराण्याच्या हिशेबाने अंदाजे १६२ च्या आसपास, पुढे-मागे साडेआठ सेंमी. हाडांचं वय अडीच वर्षं मागे आहे, म्हणजे वाढायला वेळ शिल्लक आहे. हे उशिरा वयात येणारं मूल असण्याची शक्यता मोठी. वडिलांना किंवा मामांनाही मिशा उशिरा आल्या का, तेही विचारा.

सातपुडा: बरोबर. सहा महिन्यांनी त्याच भिंतीच्या पट्टीवर, सकाळीच, अनवाणी मोजा. तीन महिन्यांत मोजलं तर अर्ध्या सेंटिमीटरची चूक वर्षाच्या हिशेबात दोन सेंमी होते. वर्षाला ४ सेंमीपेक्षा कमी वाढ निघाली, तर काहीतरी निसटलंय असं समजून पुन्हा शोधा. ५ च्या आसपास असेल तर हाडांचं वय ९ असताना सहा महिने थांबल्याने फारसं बिघडत नाही. चौदाव्या वर्षापर्यंत वयात यायचं चिन्ह दिसलं नाही, तर टेस्टोस्टेरॉनच्या थोड्या महिन्यांच्या कोर्सचा विचार करतात. तो खूप स्वस्त आहे.

तापीकाठ: मग इंजेक्शन कोणालाच नको का? अमेरिकेत २००३ पासून याच निदानासाठी मान्यता आहे.

सातपुडा: काहींना द्यावं. तिथली अटच उंची वयाच्या सरासरीपेक्षा २.२५ एसडी, म्हणजे प्रमाण विचलनं, इतकी किंवा त्याहून खाली आणि मोठेपणी नॉर्मल उंची गाठण्याची शक्यता कमी, अशी आहे. युरोपने या निदानासाठी मान्यता दिलेली नाही. ज्याचं हाडांचं वय वयाबरोबर चालतंय, अंदाजित उंची मुलासाठी १६० च्या खाली येतेय आणि वाढीची बरीच वर्षं हातात आहेत, त्याच्याबद्दल विचार करणं योग्य. तिथेही अनेक वर्षं रोज इंजेक्शन घेऊन सरासरी ५ सेंमीच्या आसपास मिळतात. काहींना जवळपास काहीच मिळत नाही. पहिल्या वर्षी वेग आधीपेक्षा किमान २ सेंमी वाढला नाही, तर थांबवण्याबद्दल बोलायला हवं.

यावलकर: डोसची चूकही होते. आठवड्याला किलोमागे ०.२४ मिलिग्रॅम धरला तर २४ किलोला ५.८ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १७ युनिट, रोजचे अडीच. मिलिग्रॅम आणि युनिट यांत तिप्पट फरक आहे, पेनवर नीट वाचा. सतत डोकेदुखी, अंधुक दिसणं किंवा लंगडणं सुरू झालं तर इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी दाखवा.

तापीकाठ: आयजीएफ-१ खूपच कमी आलं तर माझं म्हणणं कायम राहील. चाचणी सेक्स हार्मोन न देता केलेली असली तरी.

सातपुडा: आयजीएफ-१ कमी जेवणानेही उतरतं, आणि २४ किलो हे त्या वयाला काठावरचं वजन आहे. आधी आहार आणि टीटीजी बघू. तरीही कमीच राहिलं तर चाचणी नीट तयारीने पुन्हा करावी. मामा, रिपोर्ट आले की आयजीएफ-१ वयाच्या नव्हे, हाडांच्या वयाच्या मानाने किती आहे ते लिहा.