नवं उत्पादन नक्की कुठल्या टप्प्यावर मरतं? (निमित्त बोंडूचं सरबत)

वेंगुर्ल्याचो_झील: आमच्या गटाला बोंडूचं, म्हणजे काजूच्या फळाचं, सरबत बाटलीत भरून विकायचंय. प्रशिक्षणात सांगितलं की कल्पनांच्या चाळणीपासून बाजारात उतरवण्यापर्यंत सात टप्पे असतात आणि बहुतेक उत्पादनं शेवटच्या टप्प्यावर पडतात. मग माल बनवून सगळा जोर विक्रीवर ठेवावा का?

किनारा७७: बरोबर सांगितलंय. कोकणात मालाला तोटा नाही, विकायची बोंब आहे. शंभरातली पंच्याण्णव उत्पादनं बाजारात आपटतात. चाळणी वगैरे मोठ्या कंपन्यांची थेरं.

जुनी_चाळण: खाद्यपदार्थ कंपनीत नवी उत्पादनं काढण्यात नोकरी गेली, म्हणून लिहितो. पंच्याण्णवचा आकडा सगळे सांगतात, पण त्याला आधार सापडत नाही. 2013 मध्ये जुन्या अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा बाजारात आलेल्यांपैकी साधारण 40 टक्के अपयशी, असं निघालं.

कल्पनांची मोजदाद वेगळी. बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन या अमेरिकी सल्लागार कंपनीच्या 1968 च्या पाहणीत एका यशस्वी उत्पादनामागे 58 कल्पना होत्या. त्यातल्या बहुतेक चाळणीत किंवा हिशेबाच्या कागदावरच गेल्या. तिथे गेलेली कल्पना चहाच्या खर्चात जाते. शेवटी गेलेली कर्ज ठेवून जाते. आणि शेवटी पडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींना चाळणीत किंवा हिशेबातच अडवायला हवं होतं.

झीला, तुझ्या चाळणीतला पहिला प्रश्न चवीचा नाहीच, फळाचा आहे. बागायतदार बीसाठी बोंडू गळून पडायची वाट बघतो. पडलेला बोंडू फुटतो, माती लागते आणि दुपारपर्यंत आंबूस वास सुटतो. तुला सकाळी स्वच्छ गोळा केलेला आणि त्याच दिवशी पिळायला हवा. त्या जादा मजुरीचे पैसे कोण देणार? हंगाम चार महिन्यांचा, मग पावसाळ्यात रस कुठून? तुरटपणा शिजवलेल्या साबुदाण्याने खाली बसतो, ते अवघड नाही.

आता हिशेब. 200 मिलीची बाटली 20 रुपयांना धर. दुकानदार 4, वितरक 2 आणि कर गेला की तेरा-सव्वातेरा उरतात. बाटली, झाकण, लेबल, खोका मिळून 6, साखर आणि रस 3, मजुरी, इंधन, वीज 2, वाहतूक दीड. उरला जेमतेम अर्धा-पाऊण रुपया, आणि फुटलेल्या, फसफसलेल्या बाटल्या त्यातूनच भरायच्या. बाजारात पाऊल टाकायच्या आधीच उत्पादन मेलंय, फक्त दिसत नाहीये.

काजूगरवाली: काका, हिशेब मान्य, पण चाळणी चांगल्या गोष्टीही गाळते. आम्ही ओले काजूगर सोलून, गोठवून मुंबईला पाठवायचं म्हटलं तर सगळ्यांनी नाकं मुरडली, एवढे पैसे कोण देणार म्हणून. आज मागणी पुरवता येत नाही. कागदावर ते कधीच पास झालं नसतं.

जुनी_चाळण: ताई, हा मुद्दा खरा आहे. नाकारलेल्या कल्पनेचं नुकसान कोणी मोजत नाही, कारण ते दिसतच नाही. पण तुम्ही शंभर पाकिटांवर थांबू शकत होतात. बाटलीबंद सरबताला पाश्चरायझर आणि भरणी यंत्र लागतं, तिथे थोडक्यात करून बघणं जमत नाही.

आंबोलीकर: आमच्याकडे बोंडू गुरांका घालतत! बरं, छोट्या खाद्यउद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख मिळतं. अर्ज कुठे करायचा ते सांगा, मला फणसाचं करायचंय.

किनारा७७: अनुदानाचा वेगळा धागा काढा, राव. काका, चव घेऊन बघितली की कळतं ना? मालवणात मे महिन्यात स्टॉल लावा, पर्यटक तुटून पडतील.

जुनी_चाळण: तिथेच फसगत होते. फुकटच्या घोटाला सगळेच छान म्हणतात. पैसे दिले तरी मालवणचा पर्यटक गंमत म्हणून एकदा घेतो आणि कोल्हापूरला निघून जातो. त्याची पहिली खरेदी दिसते, दुसरी कधीच दिसत नाही, आणि मालाचं भवितव्य दुसऱ्या खरेदीवर ठरतं. कुडाळ-सावंतवाडीच्या दुकानांत ऑगस्टमध्ये ठेवून बघा, तेच गिऱ्हाईक परत मागतंय का. बाटल्याही घरच्या तापमानाला ठेवून द्या. रंग तपकिरी पडला, तळाशी गाळ बसला किंवा उघडताना फुस्स झालं, तर तो टप्पा पार नाही.

वेंगुर्ल्याचो_झील: मग सोडून देऊ का?

जुनी_चाळण: सरबत सोड, स्क्वॅशचा हिशेब मांड. थेट प्यायच्या तयार पेयात किमान 10 टक्के रस लागतो, स्क्वॅशमध्ये 25. पण पाणी गिऱ्हाईक घरी घालतं, त्यामुळे दर ग्लासमागे बाटली आणि वाहतुकीचा खर्च बराच उतरतो.

काजूगरवाली: पण स्क्वॅश घरी नेणाऱ्याला बोंडूची चव आधी माहीत हवी. कोकमाची सगळ्यांना आहे, बोंडूची मुंबईत कोणाला? ते काम स्टॉलवरच्या ग्लासनेच होणार. मी तरी मेचा स्टॉल रद्द करणार नाही.

किनारा७७: म्हणजे शेवटी विक्रीच ना!

जुनी_चाळण: स्टॉल लावा, ताई, पण त्याच्या गल्ल्यावर यंत्राची ऑर्डर देऊ नका. झीला, गावात सकाळी बोंडू गोळा करायला किती घरं तयार आहेत, हे विचारून इथे लिही.