मदत हवी आहे: मित्राच्या चाळिशीसाठी चिमटे काढणारी यमकातली कविता (नवी पहाट, नवी वाट नको!)

निवांत_नाशिककर

मंडळी, येत्या शनिवारी आमच्या बाळ्याची चाळिशी. गेली तीन वर्षं मी त्याला ग्रुपवर तीच ती चारोळी ढकलतोय, पहाट, वाट, स्वप्नं आणि खाली गुलाबाचं फूल. गेल्या वर्षी त्याने उलट विचारलं, "कुठून उचललीस? मामाच्या ग्रुपवर सकाळीच आली होती." तेव्हापासून डोक्यात आहे की या वेळी स्वतःचं काहीतरी लिहायचं आणि केक कापायच्या आधी उभं राहून वाचायचं. लोक असतील तीसेक. त्याची बायको, सासू-सासरे, ऑफिसातले दोघे-तिघे आणि नऊ वर्षांची मुलगी.

कच्चा माल भरपूर आहे. कुठेही बोलवा, उशिराच येतो. फोनवर "आलोच, वाटेत आहे" म्हणतो आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. "मला भूक नाही" म्हणत दुसऱ्याच्या ताटातली मिसळ संपवतो. टक्कल पडलंय. पोट सुटलंय. दोन वर्षांपूर्वी धंद्यात हात पोळले, तेव्हाचे माझे थोडे पैसे अजून यायचेत.

मी जे पाडलंय ते असं:

बाळ्या आमचा मित्र लई भारी
वाढदिवसाला खातो मिसळ सारी
तो नेहमी उशिरा येतो आणि आम्हाला ताटकळत ठेवतो
असा आमचा बाळ्या आम्हाला आवडतो

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे," आणि भाजी निवडायला लागली. काय चुकतंय?

सातारी_कंदी

बायकोसाठी असेल तर उखाण्याच्या चालीवर घ्या, हमखास टाळ्या. "चांदीच्या ताटात..." अशी सुरुवात करून शेवटी नाव घ्यायचं.

निवांत_नाशिककर

अहो, बायकोसाठी नाही, मित्रासाठी. बाळ्याचं नाव मी चांदीच्या ताटात घेतलं तर वहिनी काय म्हणतील!

अण्णा_पेन्शनर

तुमच्या ओळी लांबीला सारख्या नाहीत, हा मुख्य दोष. पहिल्या ओळीत अकरा अक्षरं आहेत, तिसरीत वीसच्या पुढे. अष्टाक्षरी धरा, प्रत्येक ओळीत मोजून आठ अक्षरं. जोडाक्षर मात्र दोन धरायचं, हे विसरू नका.

वृत्तवेडी

अण्णा, आठ अक्षरांचं अगदी बरोबर, जोडाक्षराचं नाही. अक्षरं मोजताना जोडाक्षर एकच. "शिट्टी" म्हणजे शि आणि ट्टी, दोनच अक्षरं. तुमच्या मनात मात्रावृत्त असणार. तिथे जोडाक्षराच्या आघाताने आधीचं अक्षर गुरू होतं आणि त्याच्या दोन मात्रा धरतात. म्हणजे "शिट्टी"तल्या शिच्या. इथे मात्रांच्या वाटेला जायची गरजच नाही.

निवांत, तुमच्या कवितेत लांबीपेक्षा मोठा घोळ यमकाचा आहे. "ठेवतो" आणि "आवडतो" यांत सारखं काय, तर शेवटचा "तो". तो क्रियापदाला फुकट मिळतो. येतो, जातो, खातो, झोपतो, मराठीत असे हजारो. ऐकणाऱ्याला ओळ कुठे संपणार ते आधीच कळतं, म्हणून हसू येत नाही. प्रत्यय काढल्यावर उरलेला शब्दही जुळला पाहिजे. "ठेवतो"ला "जेवतो" चालेल, कारण ठेव आणि जेव जुळतात.

दुसरं असं की तुम्ही वरून खाली लिहिताय. गमतीची कविता खालून वर लिहायची. आधी ज्या शब्दावर लोकांनी हसायला हवं तो शोधा आणि तो कडव्याच्या शेवटी ठेवा. मग त्याला जुळणारा साळसूद शब्द वर पेरा. तुमचा सगळ्यात चांगला माल कुकरची शिट्टी. फोनवर तो म्हणतो "वाटेत", असतो मात्र घरी लोळत. म्हणजे कुठे? खाटेवर! वाटेवर आणि खाटेवर, वाट आणि खाट. देवानेच जुळवून ठेवलंय.

फोन केला की म्हणतो
"आलो, आहे वाटेवर"
मागे कुकरची शिट्टी
स्वारी आहे खाटेवर

निवांत_नाशिककर

आई शप्पथ. हे वाचून मी ऑफिसात एकटाच हसलो.

कोथिंबीरवडी

मध्येच तोंड घालते. मी नणंदेच्या पन्नाशीला अशीच कविता केली होती, तिच्या वजनावर. अक्षरं, यमक, सगळं चोख होतं. लोक पोट धरून हसले, तीही हसली. नंतर सात महिने माझ्याशी बोलली नाही. तेव्हा टक्कल, पोट आणि पैसे यांना हात लावू नका, एवढंच सांगते. मला अजून कळत नाही की ती हसली का होती.

वृत्तवेडी

हे मी सांगणारच होते. माझी चाचणी साधी आहे. जी फजिती तो स्वतः चारचौघांत रंगवून सांगतो ती घ्यायची. ज्यावर विषय बदलतो ती सोडायची. उशिरा येण्याचे किस्से बाळ्या स्वतः सांगतो का?

निवांत_नाशिककर

सांगतो म्हणजे? स्वतःच्या लग्नात मुहूर्ताला कसा धावत पोचला ते दर वर्षी सांगतो. टक्कल म्हणाल तर फोटोत टोपी काढत नाही. कळलं. पैशाचंही सोडलं, सासरे समोर असणार.

मिसळीचं मी केलंय. अक्षरं बोटावर मोजलीत:

"भूक नाही" म्हणतो नि
पाव उचलतो चार
माझ्या मिसळीची वाटी
याच्या पोटात पसार

रंकाळ्याचा_वारा

मिसळीबरोबर पाव? आमच्याकडे ब्रेड देतात. बाकी चालू द्या.

निवांत_नाशिककर

नाशिकचा बाळ्या आहे, पावच खाणार.

वृत्तवेडी

चार आणि पसार, मस्त. शेवटच्या शब्दावर खटका पडतो. दुसरी ओळ मात्र मोठ्याने म्हणून पाहा. कागदावर आठ अक्षरं आहेत, तोंडात सात होतात. आपण "उ-च-ल-तो" म्हणत नाही, "उचल्‌तो" म्हणतो. ओवी गाताना प्रत्येक अक्षर सुटं उच्चारतात म्हणून तिथे खपून जातं. तुम्ही बोलल्यासारखं वाचणार, त्यामुळे ओळ लंगडेल. शिवाय चार-चार अक्षरांवर टाळी देऊन पाहिलंत तर "पाव उच" असा शब्द मधोमध चिरतो. दर चार अक्षरांना शब्द पुरा झाला तर वाचणारा अडखळत नाही. असं करा:

"भूक नाही," असं म्हणे
चेपतो की पाव चार

आता टाळी "नाही"वर, "म्हणे"वर, "की"वर आणि "चार"वर पडते.

अण्णा_पेन्शनर

मग तुमच्या "मागे कुकरची शिट्टी"चं काय? "मागे कुक" वर टाळी येते. तिथेही कुकर फुटलाच की!

वृत्तवेडी

फुटला, अण्णा. मान्य. पण शिट्टीच्या आधी थोडं अडखळणं मला तिथे हवंच होतं, असं आता म्हणते.

निवांत, नुसत्या खोड्यांची चार कडवी झाली तर शेवटी लोकांना ती तक्रारवही वाटेल. तिसऱ्या कडव्यात त्याची एक चांगली गोष्ट हवी, पण "मनाचा मोठा", "दिलदार" वगैरे नको. डोळ्यांना दिसेल असं काही सांगा.

निवांत_नाशिककर

एक आहे. चार वर्षांपूर्वी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. रात्रीचे दोन. मी पहिला फोन बाळ्याला केला. माझा भाऊ दोन गल्ल्या पलीकडे राहतो, त्याच्या आधी बाळ्या दारात. शर्ट उलटा, एका पायात त्याची स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात बायकोची. बाबा आता ठणठणीत आहेत. हॉस्पिटलच्या बाकावर ती चप्पल बघून बाबाच पहिले हसले होते.

वृत्तवेडी

मग तेच. जो कधी वेळेवर येत नाही तो त्या रात्री सगळ्यांच्या आधी आला. तुमच्या पहिल्या कडव्याचं उत्तर तिथे आहे. काहीही फुलवू नका, चपला तशाच ठेवा.

निवांत_नाशिककर

दोन रात्री घालवल्या. पूर्ण झालेली अशी:

फोन केला की म्हणतो
"आलो, आहे वाटेवर"
मागे कुकरची शिट्टी
स्वारी आहे खाटेवर

"भूक नाही," असं म्हणे
चेपतो की पाव चार
माझ्या मिसळीची वाटी
याच्या पोटात पसार

रात्री दोनला अडलो
हाच पहिला दारात
दोन तऱ्हांच्या चपला
उलटा शर्ट अंगात

चाळिशीचा झाला घोडा
आज मात्र बिल भर
केक कापायला तरी
ये रे दिल्या वेळेवर

अण्णा_पेन्शनर

छान! पण बाईंच्याच नियमाने "दारात" आणि "अंगात" बाद. प्रत्यय काढा, दार आणि अंग उरतं. कुठे जुळतंय?

वृत्तवेडी

पकडलंत. नियमाने कच्चंच आहे. "हाच धावला ना घरी" आणि शेवटी "शर्ट उलटाच जरी" असं करता येईल. घरी-जरी पक्कं जुळतं. पण तो "जरी" नुसता यमकासाठी आणून बसवलेला वाटतो, आणि "पहिला दारात"मधला "पहिला" जातो. मी असते तर दारात-अंगात ठेवलं असतं. हसवायचं असतं तिथे यमक घट्ट लागतं. इथे कुणाला हसवायचं नाहीये.

अण्णा_पेन्शनर

हे सोयीचं झालं. मला पटलेलं नाही.

कोथिंबीरवडी

"बिल भर" सासऱ्यांसमोर चालेल का? आधीच पैशाचं नाजूक आहे म्हणालात.

निवांत_नाशिककर

हे डोक्यातच आलं नव्हतं. पार्टी वहिनींनी ठेवलीय, बिल तसंही तो भरणार नाही. "बिल भर"च्या जागी काय घालू? शेवटी "वेळेवर"ला जुळायला हवं.

सातारी_कंदी

"आज तरी भांग कर"?

निवांत_नाशिककर

कंदीसाहेब, टक्कल!

वृत्तवेडी

"आता थोडी लाज धर." आठ भरतात, धर आणि वर जुळतात आणि पैशाचं नावही येत नाही.

निवांत_नाशिककर

रविवार दुपार. वृत्तांत देतो. आठची वेळ होती, बाळ्या पावणेनऊला उगवला. म्हणजे शेवटच्या कडव्याचं काम त्यानेच करून ठेवलं होतं. शिट्टीला पहिला हशा आला, तोही सासूबाईंचा. "पसार"ला मुलगी इतकी हसली की मला थांबावं लागलं. तिसऱ्या कडव्याला कुणी हसलं नाही. बाळ्या चष्मा पुसत होता आणि वहिनी हळूच म्हणाल्या, "ती माझी चप्पल होती." दारात-अंगातकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, अण्णा. माझंसुद्धा नाही.

नंतर बाळ्याने कागद मागून घेतला, दोनदा वाचला आणि एकच हरकत घेतली. त्याच्या घरी खाट नाही, तो सोफ्यावर असतो. मी तिथेच बोटावर मोजलं. सो, फ्या, व, र. चार भरतात. पण वाटेवरला जुळत नाही, तेव्हा खाटच राहील असं त्याला सांगितलंय.