फ्रेंचमध्ये दरवाढ कळवताना

>> लियाँला डबे देते, दर ११ वरून १२ युरो करायचाय, जुन्या गिऱ्हाईकांना फ्रेंचमध्ये कसं कळवू?

आधी तारीख आणि आकडा सरळ सांग, 'आ पार्तिर द्यु प्रमिये मार्स, ल मन्यु पासरा द ओंझ आ दूझ उरो', म्हणजे १ मार्चपासून ११ चे १२. मग कारण एकच दे, पण 'च्यामुळे' साठी 'आ कोझ द' नको गं, त्यात दोष दिल्याचा सूर येतो. 'आं रेझों द ला ओस द्यु प्री द्यु बर', लोण्याचा भाव वाढल्यामुळे, असं लिही. 'ग्रास आ' तर मुळीच नको, ते चांगल्या गोष्टीसाठी असतं, म्हणजे लोण्याच्या कृपेने दर वाढला असं होईल! आधी विकलेली कुपनं जुन्याच दरात चालतील हे आवर्जून लिही, आणि शेवटी 'मेर्सी द वोत्र फिदेलिते', म्हणजे आमच्याशी जोडलेले राहिल्याबद्दल आभार.