मदत हवी आहे: कयामतच्या हिशेबात आधी नमाज की आधी लोकांचे हक्क?

पाटीपेन्सिल:
अस्सलामु अलैकुम आणि सर्वांना नमस्कार. मोहल्ल्यातल्या रविवारच्या वर्गात आठवी-नववीच्या मुलांना कयामतच्या हिशेबाबद्दल सांगायचं आहे. मुलं मराठी माध्यमाची आहेत आणि नुसतं ऐकून घेणारी नाहीत. आमालनामा उजव्या हातात मिळणं, मीजान, तोंडावर मोहोर लागून हातापायांनी साक्ष देणं, एवढं सांगून झालं. पुढे अडलोय.

एका हदीसमध्ये आहे की सगळ्यांत आधी नमाजचा हिशेब होईल. दुसरीत आहे की सगळ्यांत आधी खुनाचे निवाडे होतील. मुलं विचारतात, दोन्ही पहिले कसे?

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. कुरआनात स्पष्ट म्हटलंय की कोणी दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही (सूरह अनआम 164). मग सहीह मुस्लिममधल्या दिवाळखोराच्या हदीसमध्ये पीडितांचे गुनाह त्याच्यावर का टाकले जातात? वर्गात नीट सांगता येईल असं उत्तर हवं आहे.

चौकोनीवही:
वालेकुम सलाम. नमाजच पहिली, यात वादच नाही. नमाज बरोबर निघाली की बाकी सगळं बरोबर निघतं, असंच हदीसमध्ये आहे. आणि हज कबूल झाला तर माणूस आजच जन्मल्यासारखा होतो, म्हणजे मागचं सगळं माफ. मुलांना घाबरवू नका. लोकांच्या पैशांबद्दल सांगायचंच असेल तर आमच्याकडे बुजुर्ग सांगतात की दमडीभर देणं राहिलं तर 700 नमाजांचं सवाब समोरच्याला जातं. तेवढं सांगितलं तरी मुलांच्या लक्षात राहील.

रानजाई:
मी मुस्लिम नाही, पण धागा आवडला म्हणून लिहिते. आमच्याकडे चित्रगुप्त प्रत्येकाची वही ठेवतो, तसंच हे दिसतंय. खांद्यावरचे दोन फरिश्ते लिहितात ना? मग ज्याचं त्याने फेडायचं, इतकं सोपं उत्तर मुलांना पुरणार नाही का?

खाडीकाठ:
रानजाईताई, लिहिणारे फरिश्ते आहेत, ते बरोबर. पण पाटीपेन्सिल यांचा प्रश्न वहीत काय लिहिलंय याचा नाही, वही उघडल्यावर घेणेकरी समोर उभा राहतो तेव्हा काय होतं याचा आहे. तिथे घेणेकऱ्याने माफ केलं तर देणं मिटतं, नाही केलं तर वसुली होते. म्हणून “ज्याचं त्याने फेडायचं” इथपर्यंत येऊन थांबता येत नाही.

पहिली अडचण सोपी आहे. या दोन हदीसी दोन वेगळ्या खात्यांच्या आहेत. अल्लाहच्या हक्कांचं खातं उघडलं की पहिली नमाज. माणसामाणसांतल्या भांडणांचं खातं उघडलं की पहिलं रक्त. सुनन नसाईमध्ये इब्न मसऊद यांच्याकडून आलेल्या एका रिवायतमध्ये ही दोन्ही वाक्यं एकामागून एक आहेत, तीच वाचून दाखवा. नमाजच्या खात्यात सवलत आहे, हेही सांगा. फर्ज कमी पडली तर नफ्ल किती आहे ते पाहून त्यातून भर घातली जाते. माणसांच्या खात्यात अशी भर घालायची सोय नाही.

चौकोनीवही भाई, 700 नमाजांची गोष्ट नंतरच्या काही हनफी फिक्हच्या किताबांत येते, तुमच्या बुजुर्गांनी ती स्वतःहून रचलेली नाही. पण कुरआनात किंवा सहीह हदीसमध्ये असा दर ठरवलेला नाही. बुखारीच्या हदीसमध्ये फक्त “अन्यायाच्या प्रमाणात” नेकी घेतली जाईल असं आहे. मुलांना आकडा दिलात तर ती तोच धरून बसतील.

हजचंही तसंच. ती हदीस सहीह आहे, पण बहुतेक उलेमांच्या मते हजने अल्लाहशी संबंधित गुनाह धुतले जातात, शेजाऱ्याचे उसने पैसे फिटत नाहीत. शहीदाबद्दलची हदीस यासाठी जास्त नेमकी आहे: त्याचं सगळं माफ, कर्ज सोडून. शहादतनेही जे सुटत नाही ते हजने सुटेल असं कसं म्हणायचं?

पाटीपेन्सिल:
दोन खाती, हे लगेच पटेल. पण ओझ्याच्या आयतचं काय?

खाडीकाठ:
हा आक्षेप जुना आहे. इमाम नववी यांनी सहीह मुस्लिमच्या शरहमध्ये अल-माजरी यांचं उत्तर दिलंय. त्याचा गाभा असा की आयत निर्दोष माणसाबद्दल आहे. ज्याने काही केलंच नाही त्याच्यावर दुसऱ्याचा गुनाह लादला जाणार नाही. दिवाळखोराने मात्र स्वतः शिवी दिली, आळ घेतला, माल खाल्ला, रक्त सांडलं. त्याच्या अंगावर येतं ते त्याच्याच जुलमाची भरपाई म्हणून.

वर्गात क्रम नीट मांडा, कारण गोंधळ तिथेच होतो. आधी त्याच्या नेक्या घेतल्या जातात. त्या संपल्या आणि देणं उरलं, तरच पुढची पायरी येते. गुनाह टाकणं ही पहिली शिक्षा नाही, जमा बाजू रिकामी झाल्यावरची वसुली आहे.

आता उदाहरण. एका माणसाकडे नमाज, रोजे, जकात सगळं आहे. सूरह अनआमच्या 160 व्या आयतप्रमाणे प्रत्येक नेकी दहापट धरली जाते आणि प्रत्येक वाईट काम एकाला एकच. म्हणजे हिशेब सुरुवातीपासून माणसाच्या बाजूने झुकलेला आहे. तरी याचं दिवाळं निघतं. का? कारण त्याच्यासमोर एक नाही, रांगेने माणसं उभी आहेत आणि प्रत्येकाला काही ना काही द्यायचं आहे. हदीसमध्येही “याला शिवी, त्याच्यावर आळ, याचा माल, त्याचं रक्त, याला मार” अशीच मोजणी येते. नेक्या कमी होत्या म्हणून तो बुडाला नाही, देणी जास्त होती म्हणून बुडाला. मुलांना एवढं कळलं तरी पुष्कळ.

आंबेमोहर:
मधेच विचारतो. आमच्या घरात आजोबांची वाडी दोघा चुलत्यांनी वाटून घेतली. आत्याची हक्कसोड पत्रावर सही आहे. पण ती सही माहेर तुटू नये म्हणून केली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हेही त्याच खात्यात जातं का? सही तर कायदेशीर आहे.

मीमनून:
आंबेमोहर भाई, कागद तलाठ्याकडे चालेल. दीनमध्ये माफीला मनाची राजी लागते. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही मनाची राजी दाखवत नाही, आणि त्या दिवशी कागद तपासायचा नसून आत्यालाच विचारलं जाणार आहे.

समजायला आकडे घेऊ. आजी आधीच वारलेली, मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. सगळी मालमत्ता 22 लाख, आजोबांचं कर्ज 2 लाख. कर्ज आधी फेडायचं, ते वारसांच्या हिश्शाआधी येतं. वसीयत नसेल तर उरलेले 20 लाख पाच भागांत: मुलाला दोन-दोन, मुलीला एक. एक भाग 4 लाखांचा. आत्याचे 4 लाख, चुलत्यांचे 8-8. त्यांनी 10-10 घेतले असतील तर प्रत्येकाकडे आत्याचे 2 लाख आहेत. शिवाय तिच्या हिश्शातल्या कलमांचे आंबे इतकी वर्षं कोणी विकले, तेही पाहावं लागेल.

चुलते हयात असतील तर आजच रस्ता खुला आहे. तिचा हिस्सा तिच्या हातात द्यायचा आणि मग सांगायचं की ठेवायचा की परत द्यायचा, ते तू ठरव. तेव्हा तिने परत दिला तर ती खरी माफी. “माफ केलंस ना गं?” असं चारचौघांत विचारून घेतलेली माफी मला तरी धोक्याची वाटते.

आंबेमोहर:
मोठे चुलते गेले. आता?

खाडीकाठ:
मग ते कर्जच आहे, आणि त्यांच्या मुलांनी वाटण्या करण्याआधी ते बाजूला काढायला हवं होतं. अजूनही मुलं देऊ शकतात. तिरमिजीमध्ये आहे की मोमिनचा जीव कर्जापाशी अडकून राहतो, ते फेडलं जाईपर्यंत. एका जनाजापुढे रसूलुल्लाह नमाज पढवायचे थांबले, कारण मय्यतवर दोन दीनार देणं होतं. अबू कतादा यांनी ती जबाबदारी घेतली, तेव्हा नमाज झाली. बुखारीत अशाच प्रसंगात तीन दीनार येतात. रक्कम किती लहान आहे ते मुलांना दाखवा.

आत्याही गेल्या तर पैसे तिच्या वारसांना द्यायचे. मग कयामतच्या दिवशी दावा कोण करेल, मूळ मालक की शेवटचा वारस, यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. पण जिवंतपणी जे दुखावलं त्याचा दावा तिचाच.

चौकोनीवही:
700 चं लक्षात आलं, पुढे सांगणार नाही. पण मग गीबतचं काय? ज्याची निंदा केली त्याला जाऊन सांगायचं, तर नवं भांडण उभं राहतं.

मीमनून:
इथे खरंच दोन मतं आहेत. एक मत असं की त्याच्याकडून माफी मागितल्याशिवाय सुटका नाही, कारण बुखारीच्या हदीसमध्ये अब्रूचा उल्लेख स्पष्ट आहे: दीनार-दिरहम चालणार नाही तो दिवस येण्याआधी आजच मोकळे व्हा. दुसरं मत इब्न तैमियासारख्या उलेमांचं. त्याच्या कानावर गेलं नसेल तर सांगून नवी जखम करू नये. त्याच्यासाठी दुआ करावी, आणि ज्या बैठकीत निंदा केली तिथेच त्याचं चांगलं बोलावं. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण त्याला आधीच कळलं असेल तर माफी टाळता येणार नाही.

पैशांत अशी सूट नाही. घेणेकरी सापडतच नसेल तर शोधण्याची शिकस्त करून ती रक्कम त्याच्या नावाने सदका करतात. तो पुढे भेटला तर निवड त्याची: सवाब घ्यायचं की पैसे. पैसे म्हणाला तर पुन्हा द्यावे लागतात.

पाटीपेन्सिल:
आयतचं उत्तर मिळालं, जजाकल्लाह. दोन प्रश्न उरले. एक मुलगी घाबरून विचारत होती, प्रत्येक बारीक गोष्ट विचारणार का? दुसरा असा: आमच्या मोहल्ल्यात बरीच उधारी वाण्याकडे असते आणि तो मुस्लिम नाही. त्याचं देणं कोणत्या हिशेबात?

खाडीकाठ:
मुलीला हजरत आयशांचा प्रश्न सांगा, त्यांनीही तोच विचारला होता. ज्याची झडती घेतली गेली तो बुडाला, हे ऐकून त्यांनी सूरह इन्शिकाकमधली सोप्या हिशेबाची आयत पुढे केली. उत्तर मिळालं की ती झडती नाही, ती फक्त पेशी. कर्मं दाखवली जातात आणि सोडून दिलं जातं. बंद्यांचे हक्क मात्र त्या सवलतीत धरू नका.

वाण्याबद्दल: जबाबदारी तीच. अबू दाऊदमध्ये आहे की करारातल्या गैरमुस्लिमावर कोणी जुलूम केला, तर कयामतच्या दिवशी त्याच्या बाजूने वाद मी मांडेन. म्हणजे समोर स्वतः रसूलुल्लाह. मग वसुलीचा प्रकार कसा असेल, नेकी दिली जाईल की शिक्षा वाढेल, यावर उलेमांत एकमत नाही.

मीमनून:
काही उलेमा असंही म्हणतात की हिशेबात नेक्या जातात, ईमान दिलं जात नाही. ते मुलांना सांगावं की नाही याबद्दल मी साशंक आहे. उधारी बुडवली तरी ईमान शाबूत, एवढंच कोणी घरी घेऊन जाईल.

रानजाई:
आमचं किराणा दुकान आहे म्हणून विचारते. घेणेकऱ्याने जिवंतपणी मनापासून सोडून दिलं, तर वरचं खातं बंद होतं का?

खाडीकाठ:
हो ताई, पूर्ण बंद होतं. कुरआनात (सूरह बकरा 280) अडचणीतल्या देणेकऱ्याला मुदत द्या, आणि सोडून दिलंत तर ते जास्त चांगलं, असं आहे. ऐपत असून टाळणारा वेगळा, त्याला मुदत मागण्याचा हक्क नाही.